पडल्या पडल्या ८३, उभं राहिल्यावर ११७

प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एक बाई ऑक्टोबरच्या सुरुवातीला माझ्या ओपीडीत आल्या. वय ३८. ऑगस्टमध्ये घरातल्या चौघांनाही कोविड झाला होता. चार दिवस ताप, मग आठवडाभर खोकला, की सगळे आपापल्या कामाला लागले. बाकीचे तिघे ते आजारपण विसरूनही गेले. बाईंच्या छातीतली धडधड मात्र आठ आठवडे उलटले तरी जाईना. वर्ग दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या मधल्या वळणावर कठड्याला धरून त्या थांबत, आणि मागून येणारी पोरं विचारत, ‘बाई, काय झालं?’

त्यांनी पिशवीतून शंभर पानी वही काढली. अकरा पानं भरलेली होती. १०९, १२१, १३१, मग दोनदा अधोरेखित केलेले १३४, पुढे ‘फार घाबरले’, मग ९८, मग पुन्हा १२६. कुठे वेळ लिहिलेली नाही, पडून मोजले की उभं राहून तेही नाही. मी पानं चाळली आणि वही परत दिली. ईसीजी काढला, तो सरळ होता. नाडी जलद होती एवढंच. ‘टेन्शन घेऊ नका, होईल कमी,’ असं मी म्हणालो. हे मी चुकीचं बोललो, हे मला तीन आठवड्यांनी त्याच वहीतून कळलं. फक्त तोवर ती वेगळ्या तऱ्हेनं भरली गेली होती.

आधी नाडी मुळात वाढते कशी ते पाहू. प्रौढ माणसाची विश्रांतीतली नाडी मिनिटाला ६० ते १०० असते असं पुस्तकात दिलेलं असतं. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका असतो, सायनस नोड म्हणतात त्याला. प्रत्येक ठोक्याची सुरुवात तिथून होते. या पुंजक्याला मेंदूकडून येणाऱ्या सगळ्या नसा औषधं देऊन तात्पुरत्या बंद केल्या, तर चाळिशीच्या निरोगी माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ९५ ठोके देतं. म्हणजे आपली रोजची सत्तर-बहात्तरची नाडी हा हृदयाचा स्वतःचा वेग नाही. व्हेगस नावाची नस दिवसभर हलकासा ब्रेक दाबून ठेवते, म्हणून तो वेग खाली राहतो. हा ब्रेक हाताला जाणवतोसुद्धा. मनगटावर दोन बोटं ठेवा आणि श्वास सावकाश सोडत राहा. तरुण माणसात सोडतानाचे ठोके जरा लांब पडतात आणि श्वास घेताना पुन्हा जवळ येतात. व्हेगस सैल सुटते आणि पुन्हा दाबते, त्याचाच हा खेळ.

ताप असताना नाडी वाढणं अपेक्षितच असतं. एक अंश सेल्सियस ताप चढला की साधारण दहा ठोके वाढतात. घोळ होतो तो ताप गेल्यानंतर. काही जणांत विषाणू जातो, पण ब्रेक पूर्वीसारखा घट्ट बसायला वेळ लागतो आणि त्याच्या विरुद्ध बाजूची, म्हणजे ॲड्रिनॅलिनची, यंत्रणा जास्त उत्साहात राहते. त्यात अंथरुणावर काढलेले दहा-बारा दिवस. नुसतं पडून राहिल्यानंही शरीरातल्या रक्तातलं पाणी कमी होतं आणि पायांचे स्नायू ढिले पडतात. रक्त कमी, ते वर ढकलणारे स्नायू सुस्त, मग हृदयाला फेऱ्या वाढवाव्या लागतात.

हे कोविडनंतर नव्यानं आलेलं नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांवर फिलाडेल्फियाच्या जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये एक निबंध लिहिला होता. चालताना धडधड, धाप, छातीत कळ, आणि तपासलं तर हृदयात दोष नाही. त्यांतल्या अनेकांना आधी ताप किंवा जुलाब होऊन गेले होते. कोविडनं एवढंच केलं की हाच प्रकार एकाच वेळी असंख्य लोकांना झाला, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या मनगटावर आजारापूर्वीपासून घड्याळ होतं. त्यामुळे आधीचे आकडे हाताशी होते. अशाच घड्याळांच्या नोंदींवरचा एक अमेरिकी अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कोविड झालेल्यांची विश्रांतीतली नाडी आधी वाढली, मग काही दिवस नेहमीपेक्षाही खाली गेली, आणि नंतर पुन्हा चढून बरेच दिवस तिथेच राहिली. ती मूळ पातळीवर यायला लक्षणं सुरू झाल्यापासून सरासरी ७९ दिवस लागले. सुमारे १४ टक्के लोकांची नाडी चार महिन्यांनंतरही स्वतःच्या आधीच्या आकड्यापेक्षा पाचाहून जास्त ठोक्यांनी वर होती.

‘स्वतःच्या आधीच्या आकड्यापेक्षा’ हे शब्द महत्त्वाचे. बाईंच्या गेल्या वर्षीच्या केसपेपरवर माझ्याच अक्षरात नाडी ७४ लिहिलेली होती, तीही दवाखान्यात खुर्चीवर बसलेली असताना. घरी पडल्या पडल्या ती सत्तरच्या आतच असणार. आता ती ८३ असेल, तर पुस्तकाच्या हिशेबानं ती शंभराच्या आत, म्हणजे ‘नॉर्मल’. पण बाईंच्या हिशेबानं तेरा-चौदा ठोके जास्त. म्हणून वही सुरू करण्याआधी जुने कागद शोधावेत. विम्यासाठी केलेली तपासणी, बाळंतपणाची फाइल, घरच्या बीपी मशीनची मेमरी, घड्याळातला गेल्या वर्षीचा आलेख, यांपैकी कुठेतरी आपला खरा आकडा सापडतो.

आता मोजणं. बाईंच्या पहिल्या अकरा पानांतली चूक साधी होती, आणि ती जवळपास सगळेच करतात. धडधडलं की आपण मोजतो. म्हणजे वहीत फक्त वाईट क्षण जमा होतात आणि शांत वेळेचा हिशेबच राहत नाही. घरात पाहुणे आले तेवढेच दिवस साखर मोजून महिन्याचा खर्च काढावा, तसं हे. शिवाय आकडा पाहून भीती वाटते, भीतीनं तो आणखी दहानं चढतो आणि आपण पुन्हा मोजतो. दिवसाला चोवीस वेळा मोजणारे पेशंट मी पाहिले आहेत; त्यांची नाडी मला कधीच कळली नाही.

बाईंना मी दोनच वेळा सांगितल्या. पहिली सकाळी जाग आल्यावर, चहाच्या आधी. लघवीला जायचं असेल तर जाऊन यायचं, कारण तटतटलेल्या मूत्राशयानंही नाडी थोडी वाढते. मग पुन्हा आडवं होऊन पाच मिनिटं घड्याळ लावून पडून राहायचं, मोबाइल हातात न घेता, आणि त्यानंतर मोजायचं. दुसरी वेळ रात्री जेवणानंतर दोन तासांनी, खुर्चीत टेकून, तशीच पाच मिनिटं थांबून. या दोन नोंदी आपण बरे असू वा नसू, रोज करायच्या. मध्येच धडधडलं तर त्याचा आकडा वहीच्या मागच्या पानांवर, वेगळा.

मोजायचं बोटांनी, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटानं. अंगठ्यानं नको, कारण अंगठ्याची स्वतःचीच नाडी लागते. मोजायचं पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणलं, तर एक ठोका चुकला की हिशेब चारानं चुकतो, आणि आपण ज्या फरकाच्या शोधात आहोत तो कधी कधी तेवढाच असतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर चालतो, पण त्यावर दोन आकडे असतात. SpO2 लिहिलेला ऑक्सिजनचा आणि PRbpm लिहिलेला नाडीचा. नाडी नव्वदीत गेली की दोन्ही सारखेच दिसू लागतात. एका आजोबांचा नातू महिनाभर ‘आज ९६, आज ९७’ असं आनंदानं लिहीत होता. ती नाडी होती. बोट थंडगार असेल, नखाला गडद नेलपेंट असेल किंवा हात हलत असेल, तर हे यंत्र वाट्टेल ते दाखवतं. म्हणून बोट घातल्यावर आकडा अर्धा मिनिट स्थिर होऊ द्यावा. घड्याळाचं म्हणाल तर कंपनीगणिक ‘रेस्टिंग’चा अर्थ बदलतो. कुणी झोपेतला आकडा धरतं, कुणी जागेपणी शांत बसल्याचा. एकाच घड्याळाचा चढउतार पाहायला तो उपयोगी आहे, पण बोटानं मोजलेल्या आकड्याच्या रकान्यात तो घालू नये.

आकड्याइतकंच, किंबहुना जास्तच, शेजारी काय लिहिलं आहे त्यावर अवलंबून असतं. मात्र रकाने वाढवले की वही चौथ्या दिवशी बंद पडते. त्या आठवड्यातलं बाईंचं एक पान असं होतं:

शुक्रवार. सकाळी पडून ८०. रात्री बसून ८८. झोप ६ तास, दोनदा जाग. चहा ३. पाळीचा २४वा दिवस. थकवा १० पैकी ५. काम: शाळा, चार तास उभी, जिना ३ वेळा. गोळ्या: नाही.

एवढं पुरतं. चहा लिहायचा कारण कॅफीन. मिश्री किंवा तंबाखू असेल तर तीही लिहायची, लाज वाटली तरी, कारण निकोटिन नाडी हमखास वाढवतं. पाळीचा दिवस लिहायचा कारण शेवटच्या दोन आठवड्यांत पुष्कळ बायकांची नाडी दोन-चार ठोक्यांनी वर असते, आणि ते माहीत नसलं की दर महिन्याला वाटतं आजार परतला. कडक उपास केला असेल तर तोही, पाणी कमी पोटात गेलं म्हणून. सर्दीच्या गोळ्या आणि दम्याचे पंप यांची तर वेळेसकट नोंद हवी. त्यांतल्या कित्येकांनी नाडी तासाभरात चढते आणि माणूस ते विषाणूच्या खात्यावर टाकून मोकळा होतो. थकव्याला दहापैकी गुण देताना एक युक्ती करावी. शून्य म्हणजे काय आणि दहा म्हणजे काय हे वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवावं. बाईंचं दहा होतं: ‘फळ्यावर तारीख लिहून बसावं लागलं.’

आठवडा झाला की सात सकाळी आणि सात आकडे. बाईंचे होते ८४, ८१, ८६, ८०, ८३, ८२, ९७. यांची सरासरी येते जवळपास ८५. मी मात्र सरासरी काढायला सांगत नाही. आकडे चढत्या क्रमानं लावायचे, ८०, ८१, ८२, ८३, ८४, ८६, ९७, आणि मधला उचलायचा. तो ८३. एका विचित्र दिवसानं हा मधला आकडा हलत नाही. आठवड्याला असा एकच आकडा वहीच्या शेवटच्या पानावर उतरवला, की तीन महिन्यांचा प्रवास बारा-तेरा ओळींत दिसतो.

पण मग त्या ९७चं काय? तो सोमवारचा होता, आणि बाईंनी समोर लिहिलं होतं, ‘काहीच कारण नाही.’ रविवार तर त्यांनी झोपून काढला होता. मी आदल्या ओळी वाचल्या. शनिवारी सकाळची शाळा करून आल्यावर त्यांनी दिवाळीच्या चकल्या तळल्या होत्या. साडेतीन तास गॅससमोर उभ्या. शनिवारी रात्री थकवा १० पैकी ५, नेहमीइतकाच. रविवारी ६. सोमवारी नाडी ९७ आणि थकवा ९, शाळेला रजा. विषाणूजन्य आजारानंतरच्या थकव्याची ही जुनी खोड आहे. श्रमाची किंमत त्याच दिवशी न वसूल होता बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी वसूल होते. म्हणून आजच्या त्रासाचं कारण आजच्या ओळीत शोधून सापडत नाही, काल-परवाच्या ओळीत बघावं लागतं. हे डोक्यात ठेवून आठवणं कुणालाच जमत नाही. सोमवारी माणसाला शनिवारच्या चकल्या आठवत नाहीत, आठवल्या तरी त्यांच्यावर संशय येत नाही. अशा तीन-चार जोड्या वहीत सापडल्या, की कुठल्या कामाचे तुकडे करायचे ते ठरवता येतं. चकल्या दोन दिवसांत विभागून, स्टुलावर बसून.

वहीतून खरा उलगडा झाला तो मात्र तिसऱ्या आठवड्यात, उभं राहून केलेल्या मोजणीतून. माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. ते वर खेचायला रक्तवाहिन्या आवळतात आणि नाडी दहा-वीस ठोक्यांनी वाढते. एवढं सगळ्यांचंच होतं. ज्यांची ही आवळण्याची यंत्रणा आजारानंतर ढिली पडली आहे, त्यांच्यात सगळा भार नाडीवर येतो. उभं राहून दहा मिनिटांच्या आत नाडी ३० किंवा त्याहून जास्त वाढून तशीच टिकली, रक्तदाब फारसा पडला नाही, आणि उभं राहिल्यावर चक्कर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी असा त्रास तीन महिन्यांहून अधिक काळ असला, तर त्याला पॉट्स म्हणतात. बारा ते एकोणीस वयाच्या मुलांसाठी ही मर्यादा ४० ठोक्यांची आहे, कारण त्यांची नाडी एरवीही जास्त उसळते.

घरी हे असं करायचं. सकाळी, चहाच्या आधी, घरातलं कुणीतरी शेजारी असताना. दहा मिनिटं आडवं पडून नाडी आणि बीपी. मग उठून भिंतीपासून वीतभर अंतरावर टाचा ठेवून, पाठ भिंतीला टेकून, पाय न हलवता आणि न बोलता उभं राहायचं. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला पुन्हा नाडी आणि बीपी. पहिल्या अर्ध्या मिनिटातली उसळी धरायची नाही, ती निरोग्यांनाही येते. भोवळ यायला लागली की लगेच आडवं व्हायचं आणि किती मिनिटांनी ते झालं एवढं लिहायचं. शर्यत लावायची नाही. ज्यांना आधी शुद्ध हरपली आहे किंवा हृदयाचा आजार आहे, त्यांनी हे घरी करूच नये, दवाखान्यात करावं. आठवड्यातून एकदा केलं तरी भरपूर.

बाईंच्या नवऱ्यानं मोबाइलचा टायमर लावून आकडे लिहिले होते. पडून ८२, बीपी ११२/७२. पहिल्या मिनिटाला १०४, तिसऱ्याला ११०, पाचव्याला ११३, दहाव्याला ११७, बीपी ११०/७८. शेजारी एक ओळ: ‘सातव्या मिनिटापासून पाय जांभळट, कानात दडे.’ फरक ३५. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणाऱ्या डॉक्टरला एवढं पुरेसं होतं. टेन्शननं नाडी वाढते, नाही असं नाही, पण ती आडवं पडल्यावर खाली येऊन उभं राहिल्यावर मिनिटागणिक शिडी चढत नाही.

पण इथेच लगेच पॉट्सचा शिक्का मारला असता तर मी दुसरी चूक केली असती. व्याख्येत एक अट असते, दुसरं कारण नसल्याची. बाईंना पाळीत जास्त रक्त जायचं, आणि कोविडपासून ते वाढलं होतं हे पाळीच्या नोंदी बघताना त्यांच्याच लक्षात आलं. हिमोग्लोबिन केलं, १०.४. शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन फक्त ८. रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या गाड्याच कमी, म्हणजे फेऱ्या वाढणारच. आपल्याकडे बाईमाणसाची नाडी जलद आहे म्हटल्यावर हिमोग्लोबिन पहिल्याच भेटीत बघायला हवं. मी नुसत्या ईसीजीवर समाधान मानलं होतं.

थायरॉईडही बघितलं, ते ठीक होतं. तेही बघायलाच हवं, कारण विषाणूनंतर काही आठवड्यांनी थायरॉईड ग्रंथीला सूज येऊ शकते. गळ्याची पुढची बाजू दुखते, दुखणं जबड्याकडे, कानाकडे जातं, हात थरथरतात, घाम सुटतो, आणि नाडी झोपेतही उतरत नाही. हा शेवटचा धागा वही देऊ शकते. भीतीनं वाढलेली नाडी झोपेत खाली येते. थायरॉईडची, तापाची आणि पुष्कळदा हृदयाच्या स्नायूच्या सुजेची येत नाही. घड्याळ असेल तर रात्रीचा सर्वांत कमी आकडा म्हणूनच डॉक्टरला दाखवण्यासारखा असतो.

मागची पानं, धडधडीच्या झटक्यांची, हा वेगळाच मामला. तिथे आकडा दुय्यम. आधी लिहायचं ते सुरुवात कशी झाली: दिव्याचं बटण दाबल्यासारखी, की हळूहळू चढत. थांबली कशी तेही तसंच. आणि ठोके एका लयीत होते की वेडेवाकडे. पेशंटला हे शब्दांत सांगता येत नाही, म्हणून मी टेबलावर बोटानं ठोका धरायला सांगतो. भजनाच्या ठेक्यासारखा एकसारखा, पण भलताच जलद ठोका धरला आणि तो एका क्षणात सुरू होऊन एका क्षणात थांबतो असं सांगितलं, तर ते या लेखातलं दुखणं नव्हे. ती हृदयातल्या विद्युत्‌मार्गाची गडबड असू शकते, तिथे नाडी दीडशे-दोनशेवरही जाते, आणि तिच्यावर वेगळे उपचार आहेत. बोटं अडखळत, कशीही पडली तर तेही वेगळं. दोन्हींत झटका चालू असतानाच ईसीजी मिळवणं सगळ्यांत मोलाचं, मग तो जवळच्या कुठल्याही दवाखान्यात का असेना. नेमक्या वेळी ते जमत नसेल तर चोवीस तास छातीला लावायचा हॉल्टर असतो. हॉल्टर लावलेल्या दिवशी वही मिनिटांसकट लिहावी, म्हणजे यंत्रातली रेघ आणि तुमचा त्रास एकमेकांसमोर ठेवता येतात.

काही प्रसंगी वही बाजूला ठेवायची. छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, बसल्या जागी धाप लागणं, एकाच पायाला सूज आणि पोटरीत दुखणं, ऑक्सिजन ९४च्या खाली राहणं, किंवा शांत पडूनही नाडी १२०च्या वर टिकून राहणं, यांपैकी काही असेल तर नोंद करत बसू नये. १०८ला फोन करावा किंवा थेट इस्पितळ गाठावं. हृदयाच्या स्नायूची सूज आणि फुप्फुसात गेलेली रक्ताची गाठ, दोन्ही विषाणूजन्य आजारानंतर होऊ शकतात आणि दोन्हींची पहिली खूण कधी कधी नुसती जलद नाडी असते.

बाईंना मी लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि गोळीच्या मागेपुढे दोन तास चहा नको म्हणून सांगितलं, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. दिवसभरात अडीच लिटरच्या आसपास पाणी, वर्गात टेकायला उंच स्टूल, आणि व्यायाम आडवा पडून: पाठीवर झोपून पाय उचलणं, पूल करणं, दिवसाला पाच मिनिटांपासून सुरुवात. पॉट्सच्या पेशंटना जादा मीठही सांगतात, पण ते डॉक्टरनं बीपी आणि मूत्रपिंड बघून सांगायचं असतं. शेजारणीनं सांगितलं म्हणून चमचाभर मीठ पाण्यात घालून पिऊ नये. नाडी उतरवणाऱ्या गोळ्याही आहेत, प्रोप्रॅनोलॉल किंवा इव्हाब्रॅडीन. बाईंना त्यांची गरज पडली नाही. ज्यांना पडते त्यांना मी एवढंच सांगतो की गोळी सुरू केली त्या दिवशी वहीत आडवी रेघ मारा, आणि डोस बदलला की दुसरी. रेघेच्या खालचे आकडे गोळीचे असतात, वरच्या आकड्यांशी त्यांची तुलना करून ‘आजार गेला’ म्हणता येत नाही. आणि ते कमी झालेले बघून गोळी आपल्या मनानं एकदम बंद करू नका. प्रोप्रॅनोलॉल तशी बंद केली की नाडी उलट उसळते.

दुसऱ्या भेटीपासून बाई वही आणायच्या नाहीत, एक कागद आणायच्या. वर जुनी नाडी ७४. खाली आठवड्यांचे मधले आकडे एका ओळीत. त्याखाली उभं राहिल्याच्या मोजण्या, पडून किती, दहाव्या मिनिटाला किती, फरक किती. मग झटके किती आले आणि कसे. शेवटी एक वाक्य: आता काय जमतं, जे महिन्यापूर्वी जमत नव्हतं. मला ते वाचायला दीड मिनिट लागे आणि उरलेला वेळ बोलायला मिळे. अकरा पानांच्या वहीनं तो मिळाला नव्हता.

डिसेंबरअखेर, आठ आठवड्यांनी, हिमोग्लोबिन १२.२ होतं. सकाळचा मधला आकडा ७६, दहाव्या मिनिटाला ९८, फरक २२. म्हणजे बराचसा भाग रक्तक्षयाचा होता. सगळा नव्हता, पडल्या पडल्याचे सहा-सात ठोके अजून जास्तच होते, आणि हळदीकुंकवाच्या गडबडीनंतर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा ८८ झाले. त्या सहा-सात ठोक्यांपुरता विषाणूवर ठपका ठेवायला माझी हरकत नाही. फेब्रुवारीपासून रोजची नोंद बंद करून मी त्यांना फक्त रविवारी मोजायला सांगितलं. मार्चच्या शेवटी त्या आल्या तेव्हा कागदावर चार रविवार होते: ७२, ७३, ७१, आणि चौथ्या रविवारच्या पुढे आकड्याच्या जागी त्यांच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘विसरले.’